कारखान्याचा नफा दुकानाच्या फळीवर अडकतो तेव्हा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक लहान कारखाना आहे असे समजा. त्याच मालकाचे नवी पेठेत दुकान आहे. कारखान्यात विणलेला सगळा माल दुकानात जातो आणि तिथून गिऱ्हाइकाला. मार्चअखेरचा हिशेब सीएकडून येतो. त्यात कारखान्याचा नफा १५ लाख आणि दुकानाचा ढोबळ नफा १४ लाख दिसतो. मालक खूश होतो आणि पुढची ओळ वाचतो: ‘साठ्यातील न मिळालेल्या नफ्याची तरतूद, १ लाख’. तेवढी रक्कम नफ्यातून वजा झालेली असते.

मालकाचा प्रश्न अगदी रास्त असतो. माल चोरीला गेला नाही, भिजला नाही, कुणाची उधारी बुडाली नाही. मग हा लाख कापला कशासाठी? कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनाही हीच ओळ नडते. तरतुदीचे सूत्र ते पाठ करतात, पण तरतूद नावे टाकायची की जमा करायची, हे ऐन पेपरात आठवत नाही. दोघांचे उत्तर एकच आहे. तिथे पोचण्यासाठी हा टॉवेल विणल्यापासून विकला जाईपर्यंत कोणकोणत्या खात्यांतून जातो ते पाहावे लागेल.

कारखान्याचे खाते कुठे संपते?

नुसता व्यापार करणाऱ्याला व्यापार खाते आणि नफा-तोटा खाते पुरते. माल कितीला घेतला, कितीला विकला आणि दुकान चालवायला किती लागले, एवढेच त्याला पाहायचे असते. स्वतः माल बनवणाऱ्याला त्याआधी आणखी एका प्रश्नाचे उत्तर लागते: हा माल तयार करायला आपल्याला किती खर्च आला? ते उत्तर देणारे खाते म्हणजे उत्पादन खाते.

आपल्या कारखान्यात २०२४-२५ या वर्षात ६०,००० टॉवेल तयार झाले. त्यांचे उत्पादन खाते असे:

| तपशील | रुपये |
|---|---|
| सुताचा सुरुवातीचा साठा | ४,००,००० |
| सूत खरेदी | ३८,००,००० |
| सूत आणण्याचे भाडे | ६०,००० |
| वजा: सुताचा अखेरचा साठा | ४,६०,००० |
| वापरलेले सूत | ३८,००,००० |
| विणकर व इतर कामगारांची मजुरी | ११,००,००० |
| मूळ खर्च | ४९,००,००० |
| वीज | ६,२०,००० |
| कारखान्याचे भाडे | २,४०,००० |
| यंत्रमागांचा घसारा | २,००,००० |
| मुकादमाचा पगार, तेल, सुटे भाग | १,००,००० |
| अधिक: मागावरचा अर्धवट माल, सुरुवातीचा | १,८०,००० |
| वजा: मागावरचा अर्धवट माल, अखेरचा | २,००,००० |
| वजा: चिंधी विक्री | ४०,००० |
| उत्पादन खर्च | ६०,००,००० |

साठ लाखांत साठ हजार टॉवेल, म्हणजे एक टॉवेल १०० रुपयांना पडला. या खात्यात काय घ्यायचे याची कसोटी सोपी आहे: कारखान्याच्या फाटकाच्या आत जे लागले तेवढेच. नवी पेठेतल्या दुकानाचे भाडे, विक्रेत्यांचे पगार, गिऱ्हाइकाला माल पोचवण्याचा टेम्पो यांतले काहीही इथे येत नाही. सूत आणण्याचे भाडे येते, पण टॉवेल विकायला नेण्याचे भाडे येत नाही. पुढे साठ्याची किंमत याच १०० रुपयांवरून ठरणार आहे. इथे दुकानाचे भाडे घुसले तर पुढचा सगळा हिशेब वाकडा होतो.

दुकानात माल कोणत्या भावाने पाठवायचा?

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे १०० रुपयांनीच पाठवायचा. बहुतेक लहान कारखानदार तेच करतात आणि त्यात चूक काही नाही. पण मग कारखान्याच्या हाती नफाही नाही आणि तोटाही नाही. जेवढा खर्च आला तेवढ्याला माल दिला आणि खाते मिटले. कारखाना चांगला चालला की वाईट, हे त्या खात्यावरून कळत नाही.

मालकाला मात्र वेगळेच जाणून घ्यायचे असते. ‘एवढे माग, मजूर, वीज सांभाळण्यापेक्षा शेजारच्या कारखान्यातून तयार टॉवेल घेऊन विकले असते तर परवडले असते का?’ याचे उत्तर हवे असेल तर कारखान्याला परका पुरवठादार समजावे लागते. बाहेरचा कारखानदार याच वजनाचा, याच दर्जाचा टॉवेल घाऊक भावात १२५ रुपयांना देतो. मग आपल्या कारखान्यानेही आपल्या दुकानाला १२५ रुपयांनीच दिला असे लिहायचे. साठ हजार टॉवेलचे झाले ७५ लाख. खर्च ६० लाख होता, म्हणून १५ लाख हा कारखान्याचा नफा. तो उत्पादन खात्यातून थेट नफा-तोटा खात्यात जातो आणि दुकानाच्या व्यापार खात्यात ७५ लाखांचा माल ‘कारखान्याकडून आलेला’ म्हणून येतो.

इथे बाजारभाव म्हणजे घाऊक भाव, तोही त्याच मालाचा आणि त्याच अटींवरचा. गिऱ्हाईक दुकानात देते ते १५० रुपये इथे चालत नाहीत. त्या भावाने माल पाठवला तर दुकानाचा ढोबळ नफा शून्यावर येईल आणि कारखाना उगाच शहाणा ठरेल. बाहेरचा पुरवठादार ६० दिवसांच्या उधारीवर १३० रुपये लावत असेल आणि रोखीने १२५, तर आपण १२५च धरायचे, कारण आपले दुकान आपल्या कारखान्याकडून व्याजाने माल घेत नाही.

कांद्याची चाळ आणि बापलेक

आता मूळ अडचणीकडे येऊ. समजा, बाप शेतात कांदा पिकवतो आणि लेक रस्त्याला टपरी लावून तो विकतो. घर एक, चूल एक. कांदा पिकवायला क्विंटलमागे १,००० रुपये गेले. बापाने डायरीत लिहिले, ‘लेकाला १,२५० भावाने दिला, नफा २५०.’ लेकाने तो कांदा विकला, तर घरात बाहेरचा पैसा आला आणि बापाचे अडीचशे खरे झाले. पण तो कांदा अजून चाळीत पडून असेल, तर? बापाच्या डायरीत नफा आहे, पण घरात एक रुपयाही वाढलेला नाही. कांदा शेतातून चाळीत आला, एवढेच घडले आहे.

आपल्या टॉवेलचे तेच आहे. दुकानाने विकलेल्या टॉवेलवर कारखान्याने लावलेले २५ रुपये गिऱ्हाइकाने दिले, ते खरे झाले. दुकानाच्या फळीवर पडून असलेल्या टॉवेलवरचे २५ रुपये मात्र आपणच आपल्याला लावलेले आहेत. त्यालाच न मिळालेला नफा म्हणतात. परीक्षेच्या पुस्तकांत तो ‘अनरिअलाइज्ड प्रॉफिट’ आणि त्याची तरतूद ‘स्टॉक रिझर्व्ह’ या नावाने भेटते.

हे ताणून पाहिले की लख्ख दिसते. दुकानाने वर्षभरात एकही टॉवेल विकला नाही असे समजा. तरी उत्पादन खाते १५ लाख नफा दाखवतच राहील. माल जितका जास्त विणाल आणि जितका कमी खपेल, तितका कागदावरचा नफा वाढलेलाच दिसेल. हा भ्रम थांबवायलाच तरतूद लागते.

तरतूद नेमकी किती?

वर्षाच्या सुरुवातीला दुकानात ४,००० टॉवेल होते. कारखान्याकडून ६०,००० आले. अखेरीस ८,००० उरले, म्हणजे ५६,००० विकले गेले. मागच्या वर्षीही खर्च १०० आणि पाठवणीचा भाव १२५ हाच होता असे तूर्त धरू.

व्यापार खात्यात हे साठे पाठवणीच्याच भावाने लिहितात: सुरुवातीचे ५ लाख आणि अखेरचे १० लाख. आता या दहा लाखांत नफा किती? इथे नवख्याची हमखास चूक होते. ‘कारखान्याने २५ टक्के नफा लावला, मग १० लाखांचे २५ टक्के, अडीच लाख.’ पण ते २५ टक्के १०० रुपये खर्चावर लावलेले आहेत, १२५ रुपये भावावर नव्हे. १२५ रुपयांत २५ रुपये म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून १० लाखांचा पाचवा हिस्सा, २ लाख.

टक्केवारीशी झगडायचे नसेल तर दर नगाचा हिशेब करा. ८,००० टॉवेल गुणिले २५ रुपये, २ लाख. नग माहीत नसले आणि फक्त साठ्याची रक्कम हाती असली, तर साठ्याला नफ्याच्या टक्क्यांनी गुणून शंभर अधिक टक्के यांनी भागायचे. खर्चावर २५ टक्के असेल तर २५ भागिले १२५, २० टक्के असेल तर २० भागिले १२०, म्हणजे सहावा हिस्सा. प्रश्नात ‘पाठवणीच्या किमतीवर २० टक्के नफा’ असे म्हटले असेल तर मात्र भागाकाराची गरज नाही, साठ्याचे थेट २० टक्के घ्या. प्रश्न वाचताना ‘खर्चावर’ आणि ‘किमतीवर’ या दोन शब्दांखाली रेघ मारण्याची सवय असलेली बरी.

आणि ही तरतूद फक्त पक्क्या मालाच्या साठ्यावर करायची. सुताचा ४,६०,००० चा साठा आणि मागावरचा २ लाखांचा अर्धवट माल अजून कारखान्यातच आहेत, त्यांवर कुणीही नफा लावलेला नाही. दुकानाने बाहेरच्या कारखान्यातून काही चादरी विकत घेऊन ठेवल्या असतील तर त्याही या हिशेबातून बाहेर काढायच्या. त्यांच्या किमतीत नफा आहे, पण तो बाहेरच्याचा. आपल्यासाठी ती खरेदीची रक्कमच आहे.

मग दोन लाख का नाही, एकच लाख का कापला?

कारण मागच्या मार्चमध्ये ४,००० टॉवेलवर नगामागे २५ रुपयांप्रमाणे १ लाखाची तरतूद आधीच झालेली होती. ते टॉवेल यंदा विकले गेले, त्यांच्यावरचा नफा यंदा खरा झाला, म्हणून तो १ लाख यंदाच्या नफ्यात परत यायला हवा. आणि यंदाच्या ८,००० टॉवेलवरचे २ लाख यंदाच्या नफ्यातून बाहेर जायला हवेत. दोन्हींची गोळाबेरीज एक लाखाची वजावट. व्यवहारात दोन नोंदी न करता फक्त वाढीची नोंद करतात:

नफा-तोटा खाते नावे १,००,०००
न मिळालेल्या नफ्याच्या तरतुदीच्या खात्याला जमा १,००,०००

तरतुदीच्या खात्यात सुरुवातीची शिल्लक १ लाख होती, आता २ लाख झाली. साठा वाढला की फरक नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला जातो. साठा घटला आणि तरतूद कमी करायची वेळ आली की तो जमा बाजूला येतो. ताळेबंदात पक्का माल १० लाख, त्यातून तरतूद २ लाख वजा, उरले ८ लाख. ८,००० टॉवेल, प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे साठा आपल्या उत्पादन खर्चावर परत आला.

तरतूद या शब्दाने एक गैरसमज होतो, तो इथेच काढून टाकू. यासाठी बँकेत काही बाजूला ठेवलेले नसते आणि ते काढताही येत नाही. फुगवून लिहिलेल्या साठ्याची ही फक्त वजाबाकी आहे.

सगळे एकत्र मांडले की असे दिसते. दुकानाची विक्री ५६,००० टॉवेल, प्रत्येकी १५० प्रमाणे ८४ लाख. विकलेल्या मालाची किंमत ५ लाख अधिक ७५ लाख वजा १० लाख, म्हणजे ७० लाख. दुकानाचा ढोबळ नफा १४ लाख. त्यात कारखान्याचा १५ लाख मिळवला की २९ लाख. दुकानाचे भाडे, पगार, जाहिरात, पोचवणी मिळून खर्च १७ लाख, आणि वाढीव तरतूद १ लाख. निव्वळ नफा ११ लाख.

शेवटी नफा तोच येणार, तर एवढा खटाटोप कशाला?

हा आक्षेप खरा आहे. माल १०० रुपयांनीच पाठवला असता तर ८४ लाख विक्रीतून ५६ लाख वजा होऊन ढोबळ नफा २८ लाख आला असता, त्यातून १७ लाख खर्च गेला की तेच ११ लाख. पाठवणीचा भाव कोणताही धरा, धंद्याचा एकूण नफा बदलता कामा नये. तो बदलला तर हिशेब चुकला.

बदलते ते वेगळेच. खर्चाने पाठवले तर अकराच्या अकरा लाख दुकानाच्या नावावर लागतात आणि कारखाना नुसता हमाल ठरतो. बाजारभावाने पाठवले की चित्र उलटते. दुकानाने माल बाहेरून घेतला असता तर त्याचा ढोबळ नफा १४ लाख आणि खर्च १७ लाख. म्हणजे नवी पेठेतले दुकान ३ लाखांनी तोट्यात आहे आणि घर कारखाना चालवतो आहे! खर्चाने पाठवणी करणाऱ्या मालकाला हे कधीच दिसले नसते. उलट त्याने दुकानाच्या नफ्यावर खूश होऊन दुसरे दुकान काढले असते.

अर्थात एवढ्यावरून दुकानाला कुलूप लावायचे नसते. साठ हजार टॉवेल घाऊक बाजारात १२५ रुपयांनी खरेच खपतील का, हे आधी पाहावे लागते. एकदम एवढा माल ओतला तर भाव ११५ वर येईल, आणि मग तो १५ लाखांचा नफाही उरणार नाही. दुकानाच्या १७ लाखांतले भाडे करारामुळे वर्षभर द्यावेच लागणार असेल, तर बंद करूनही ते वाचत नाही. बाजारभावाची पाठवणी दुखते कुठे ते दाखवते, औषध वेगळे शोधावे लागते.

पण आम्ही बिल फाडलेय, जीएसटीही भरलाय

कारखाना सोलापुरात आणि दुकान हैदराबादला असे असेल तर हा प्रश्न हमखास येतो. दोन राज्यांत दोन स्वतंत्र जीएसटी नोंदण्या असतात आणि कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. मालक एकच असला तरी माल पाठवताना बिल करावे लागते आणि करही लागतो. मालकाला वाटते, सरकारनेच ही विक्री मानली, मग नफा का मानू नये?

कारण जीएसटी माल एका नोंदणीकडून दुसरीकडे गेला का, एवढेच पाहतो. नफ्याचा हिशेब धंद्याबाहेरच्या माणसाने पैसे दिले किंवा द्यायचे कबूल केले का, ते पाहतो. हैदराबादच्या गोदामातला टॉवेल बिलासकट गेला तरी तो याच मालकाचा आहे. भरलेला कर हैदराबादच्या नोंदणीला वजावट म्हणून मिळतो आणि तो साठ्याच्या किमतीत मिसळायचा नसतो. तरतूद करायचीच.

दुकान वेगळ्या खासगी कंपनीच्या नावावर असेल तर मात्र गोष्ट बदलते. सोलापूर-इचलकरंजीकडे अशी रचना नवी नाही, एका घरात दोन-तीन फर्मा आणि एखादी कंपनी असतेच. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. कारखान्याच्या स्वतःच्या पुस्तकात ती विक्री खरी आणि नफाही खरा. पण एक कंपनी दुसरीची मालक असेल आणि दोघींचे एकत्रित हिशेब करायचे असतील, तर त्या एकत्रित हिशेबात हाच न मिळालेला नफा पुन्हा काढून टाकावा लागतो. तत्त्व तेच, फक्त कुंपण मोठे झाले.

कंपन्यांविषयी आणखी एक. कंपनी कायद्याच्या २०१३ सालच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात उत्पादन खाते नावाचे काही नसते. वापरलेला कच्चा माल, साठ्यातला बदल, पगार, इतर खर्च अशा ओळींनी नफा काढतात. त्यामुळे बाजारभावाने पाठवणीचा हा हिशेब कंपनीत आतल्या वापरापुरता राहतो. छापील अहवालात तो शोधू नये.

पुढच्या वर्षी दर बदलला तर?

२०२५-२६ मध्ये सूत महागले आणि टॉवेल ११२ रुपयांना पडू लागला असे समजा. बाजारात चढाओढ असल्याने घाऊक भाव जेमतेम १२६ झाला. आता नगामागे नफा १४ रुपये, म्हणजे खर्चाच्या साडेबारा टक्के आणि भावाचा नववा हिस्सा. अखेरीस ५,००० टॉवेल उरले. जुना माल आधी विकला जातो असे धरले तर हे सगळे यंदाचे. त्यांची किंमत ६,३०,००० आणि तरतूद हवी ७०,०००.

पुस्तकात तरतुदीची शिल्लक आहे २ लाख. म्हणून १,३०,००० तरतुदीच्या खात्याच्या नावे आणि नफा-तोटा खात्याला जमा. इथे काही जण सुरुवातीच्या १० लाखांच्या साठ्यालाही नवा नववा हिस्सा लावतात आणि १,११,१११ असा विचित्र आकडा घेऊन बसतात. ते चूक आहे. सुरुवातीच्या साठ्यातला नफा तो बनला त्या वर्षीच्या दराने अडकला होता, आणि तो दोन लाखच होता. जुन्या साठ्याला जुना दर, नव्याला नवा. परीक्षेत दोन वर्षांचे दोन दर दिले असतील तर प्रश्न काढणाऱ्याने सापळा नेमका इथेच लावलेला असतो.

जुन्या डिझाइनचा माल पडून असेल तर?

लेखामानक २ सांगते की साठा खर्च आणि निव्वळ वसुली किंमत यांत जी कमी असेल त्या रकमेने लिहायचा. निव्वळ वसुली किंमत म्हणजे माल विकून मिळेल ती रक्कम, त्यातून तो विकायचा खर्च वजा. तुलना करायची ती आपल्या १०० रुपये खर्चाशी, पाठवणीच्या १२५ रुपयांशी नव्हे.

आपल्या ८,००० टॉवेलपैकी ५०० जुन्या डिझाइनचे असून ते ९० रुपयांनाच जातील आणि विकायला नगामागे ४ रुपये लागतील असे समजा. वसुली ८६ रुपये. पुस्तकात ते १२५ ने उभे आहेत, म्हणजे ३९ रुपये उतरवायचे. त्यातले २५ रुपये आपणच लावलेला नफा, त्याची तरतूद झालेलीच आहे. खरा तोटा १४ रुपये, ५०० टॉवेलवर ७,०००. पण काही ठिकाणी साठा आधी ८६ ला उतरवतात आणि वर त्याच टॉवेलवर पाचव्या हिश्शाची तरतूदही लावतात. एकाच टॉवेलला दोनदा चाप. ही चूक पकडायची खूण अशी: ताळेबंदात तरतूद वजा जाता टॉवेल नगामागे ८६ पेक्षाही खाली दिसू लागतो.

ताळा कसा घ्यायचा?

हिशेब बरोबर आहे की नाही हे पाहायचा एक पक्का उपाय आहे. पाठवणीचा भाव मुद्दाम बदलून सगळे पुन्हा मांडायचे. जुन्या डिझाइनची भानगड बाजूला ठेवून आपल्या २०२४-२५ च्या उदाहरणात १२५ ऐवजी १४० धरून पाहू. कारखान्याचा नफा नगामागे ४० प्रमाणे २४ लाख. दुकानाचा सुरुवातीचा साठा जुन्याच दराने ५ लाख, आलेला माल ८४ लाख, अखेरचा साठा ८,००० गुणिले १४० म्हणजे ११,२०,०००. विकलेल्या मालाची किंमत ७७,८०,०००, ढोबळ नफा ६,२०,०००. दोन्ही नफे मिळून ३०,२०,०००. अखेरची तरतूद ३,२०,०००, आधीची १ लाख, वाढ २,२०,०००. वजा केली की २८ लाख, आणि १७ लाख खर्च गेला की पुन्हा ११ लाखच.

तुमच्या मांडणीत ११ लाख येत नसतील तर तीन जागा तपासा. सुरुवातीचा साठा व्यापार खात्यात चुकून खर्चाने लिहिला असेल आणि जुनी तरतूदही परत आणली असेल, तर नफा बरोबर एक लाखाने जास्त येतो. वाढीऐवजी पूर्ण तरतूद नावे टाकली असेल तर आधीच्या तरतुदीएवढा कमी येतो. आणि भागाकार शंभरने केला असेल तर १२५ च्या मांडणीत निव्वळ नफा साडेदहा लाख दिसतो, कारण तरतूद दोनऐवजी अडीच लाख धरली गेलेली असते.